पट हरवला, सूचना उरली

"पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात करावी." बुद्धिबळाच्या कोड्याखाली हे वाक्य छापलेले असते आणि त्याच्या वर चौसष्ट घरांचे चित्र असते. कधी ते चित्र नाहीसे होते. जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणात पटाचा भाग फाटलेला असतो. छापताना ठोकळा गळतो. एखाद्या पुस्तकाचा मजकूर संगणकावर चढवताना अक्षरे येतात आणि चित्रे मागे राहतात. एखादा अंध वाचक पान ऐकत असतो, आणि वाचून दाखवणारे यंत्र चित्रापाशी गप्प बसून पुढच्या ओळीवर जाते. प्रत्येक वेळी वाचकाच्या हाती तेवढे एक वाक्य उरते. त्या वाक्यात कोड्याचा किती भाग असतो आणि किती नसतो, या प्रश्नावर हा संग्रह उभा आहे. माझे मत आधीच सांगतो. या वाक्यावरून कोडे पुन्हा घडवता येत नाही, पण कोणी कोडे समोर ठेवले तर ते खरे आहे का, हे तपासायला हेच वाक्य फार उपयोगी पडते. पुढचा सगळा मजकूर या मताच्या समर्थनासाठी आहे.

प्रथम वाक्यात काय आहे ते पाहू, कारण दिसते त्यापेक्षा ते बरेच अधिक आहे. पहिली चाल पांढऱ्याची. काळ्याने काहीही उत्तर दिले, अगदी मूर्खपणाचे किंवा अगदी चिवट, तरी पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीला काळा राजा मात झालाच पाहिजे. म्हणजे "दोन चाली" या पांढऱ्याच्या दोन, आणि मध्ये काळ्याची एक. ज्यांनी डाव खेळले आहेत पण कोडी सोडवलेली नाहीत ते इथेच चुकतात. काळ्याचे एखादे चांगले दिसणारे उत्तर धरून ते मात दाखवतात आणि कोडे सुटले असे मानतात, पण काळ्याचे एक जरी उत्तर सुटून जात असेल तर कोडे सुटलेले नसते. या वाक्यामागे न छापलेले काही नियमही आहेत. पांढऱ्याची सुरुवातीची बरोबर चाल एकच असावी. दोन वेगवेगळ्या पहिल्या चालींनी मात होत असेल तर रचना सदोष धरली जाते. पटावरची स्थिती मूळ मांडणीपासून नियमाने खेळून येऊ शकेल अशी असावी. राजा आणि हत्ती आपापल्या मूळ घरांत उभे असतील तर किल्लेकोट करण्याचा हक्क शाबूत आहे असे धरायचे, तो गेल्याचे सिद्ध करता येत नसेल तोपर्यंत. याउलट, प्याद्याने जाता जाता मारण्याची चाल पहिलीच म्हणून चालवायची असेल, तर आधीची चाल दोन घरांची होती हे स्थितीवरूनच सिद्ध झाले पाहिजे. कोड्यांच्या रचनाकारांनी हे संकेत १९५८ साली पिरान येथे संहितेच्या रूपात बांधले, आणि आजचे नियम त्याच पायावर उभे आहेत. एका ओळीच्या सूचनेमागे एवढा करार उभा असतो. तरी या संपूर्ण करारात कुठल्या घरात कोणता मोहरा आहे याचा उल्लेख नाही.

एवढ्या शर्ती असताना स्थिती निश्चित का होत नाही, असे कोणी विचारेल. याचे उत्तर संख्येत आहे. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बुद्धिबळाच्या संभाव्य स्थितींचा अंदाज मांडला तेव्हा तो एकावर त्रेचाळीस शून्ये या घरात गेला होता. त्यातला अगदी बारीक अंश दोन चालींच्या मातीच्या शर्ती पाळतो असे धरले तरी उरणारी संख्या कोणत्याही ग्रंथालयात मावणार नाही. पण मोठ्या आकड्यांनी पटवण्यापेक्षा एक छोटी, नेमकी स्थिती घेऊन पाहिलेले बरे. मी मुद्दाम सात मोहऱ्यांची स्थिती निवडतो, कारण ती शब्दांत सांगता येते आणि वाचकाला घरच्या पटावर मांडता येते. ती पॉल मॉर्फी यांच्या नावावर आहे. हा अमेरिकन खेळाडू पुढे दोन वर्षांत युरोप गाजवणार होता. ही रचना १८५६ साली 'न्यूयॉर्क क्लिपर' या नियतकालिकात छापली गेली. पांढरे तीन मोहरे: राजा सी८, हत्ती ए१, प्यादे बी६. काळे चार: राजा ए८, उंट बी८, आणि प्यादी ए७ व बी७ यांवर. पटाखालची सूचना तीच: पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात.

मांडून पाहिल्यावर दिसते की काळा राजा कोपऱ्यात आधीच कोंडलेला आहे. त्याच्या शेजारच्या तीन घरांत त्याचेच उंट आणि प्यादी उभी आहेत. प्रश्न एवढाच आहे की आता काळ्याची पाळी असती तर काय झाले असते. उंट कुठेही हलला तर पांढरा हत्ती ए७ वरचे प्यादे मारून मात करतो. हत्तीला बी६ च्या प्याद्याचा आधार आहे, आणि रिकामे झालेले बी८ घर पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहे. काळ्याने बी६ वरचे प्यादे ए७ ने मारावे तर ते मारता येत नाही, कारण ए ओळीवर हत्ती उभा असल्याने तसे करताच राजा उघडा पडतो. पण ए७ चे प्यादे एक घर किंवा दोन घरे पुढे सरकू शकते, आणि तिथे पांढऱ्याकडे मात नाही. तेव्हा पांढऱ्याला अशी चाल हवी जी काही बिघडवणार नाही, पण त्या प्याद्याची वाट बंद करेल. ती चाल हत्ती ए६. हत्ती दिसायला फुकट दिला जातो, कारण बी७ चे प्यादे त्याला मारू शकते. पण मारले की बी६ चे प्यादे बी७ वर सरकून शह देते, राजाला पळायला घर नाही, आणि बी७ वरच्या प्याद्याला पांढऱ्या राजाचा आधार आहे. काळ्याने हत्तीला हात लावला नाही तर उंटाच्या सहा चालींपैकी एक त्याला खेळावीच लागते, आणि प्रत्येकीला उत्तर एकच: हत्तीने ए७ मारून मात. काळ्याकडे एकूण सात उत्तरे आहेत आणि सातही संपली. पांढऱ्याने कसलाही धोका उभा केलेला नाही. खेळणे भाग आहे हीच काळ्याची अडचण. हत्तीने ए६ सोडून ए ओळीवरचे दुसरे कुठलेही रिकामे घर घेतले तर काळा ए६ खेळून सुटतो. तेव्हा बरोबर चाल एकच.

आता या सातांपैकी एकेक मोहरा काढून पाहू. पटाचे चित्र झिजले, एखादा मोहरा पुसट होऊन गेला, असे धरू. बी८ वरचा उंट गेला तर पांढरा लगेच हत्तीने ए७ मारून एकाच चालीत मात करतो. दुसऱ्या चालीचे कामच नाही. बी७ चे प्यादे गेले तर पांढरे प्यादे बी७ वर सरकते आणि पुन्हा एकाच चालीत मात. ए७ चे प्यादे गेले तर पांढऱ्याची पाळी असतानाच काळा राजा शहात उभा आहे. अशी स्थिती नियमाने कधीच येऊ शकत नाही. पांढरा हत्ती गेला किंवा पांढरे प्यादे गेले, तर मात करायला लागणारे बळच उरत नाही आणि कोडे सुटत नाही. राहिले दोन राजे. त्यांपैकी कोणताही नसेल तर ती बुद्धिबळाची स्थितीच नव्हे. सात मोहरे, आणि प्रत्येकाच्या जाण्याने कोडे वेगळ्या प्रकारे मोडते. सूचना मात्र या सातही मोडक्या स्थितींखाली जशीच्या तशी राहते. ती स्थिती दुरुस्त करत नाही, पण चूक मात्र दाखवते. "दोन चालींत" असे लिहिलेले असताना एकाच चालीत मात होते किंवा अजिबात होत नाही, तेव्हा वाचकाला कळते की चित्र बिघडले आहे. सूचना तपासायला उपयोगी पडते असे मी म्हणतो ते या अर्थाने.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. चित्र गेले तरी पुस्तकाच्या शेवटी उत्तर असते, त्यावरून स्थिती उलट बांधता येणार नाही का? मॉर्फीच्या उत्तराचाच विचार करू. "हत्ती ए६, प्याद्याने हत्ती मारला तर बी७ मात, उंट हलला तर हत्तीने ए७ मारून मात." एवढ्यावरून खूप काही निघते. काळे प्यादे बी७ वर आहे, पांढरे बी६ वर आहे, ए७ वर काही तरी मारण्यासारखे आहे, उंट ए७ राखतो आहे, पांढरा राजा बी७ आणि बी८ दोन्ही राखेल अशा घरात आहे. चिकाटीने मांडत गेले तर सात मोहरे जवळपास जागेवर बसतात. पण हत्ती कुठून ए६ वर आला? ए१ वरून, ए२ वरून, ए३, ए४ की ए५? पाचही घरांवर हत्ती ठेवून सोडवले तर उत्तर तेच, सगळे बचाव तेच, बरोबर चालही एकच. म्हणजे संपूर्ण उत्तर हाती असूनही पाच चित्रे समान ठरतात, आणि छापली गेली त्यांतली एक. फरक बारीक वाटेल, पण रचनाकाराच्या दृष्टीने तो लहान नाही. हत्ती पटाच्या तळाशी ए१ वर उभा आहे म्हणून त्याची ती लांब झेप नजरेत भरते, आणि ए५ वरून तीच चाल किरकोळ वाटते. उत्तरावरून तर्काने स्थिती मिळवता येते, मूळ रचना मिळेल असे मात्र नाही.

चित्र गेले की दिशाही जाते, आणि दिशेकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. संकेत असा की चित्रात पांढरा खालून वर खेळतो आणि खालचा डावीकडचा कोपरा ए१ असतो. मॉर्फीची स्थिती डावे-उजवे उलटवली, म्हणजे राजा एफ८ वर, हत्ती एच१ वर आणि बाकीचे तसेच, तर काही बिघडत नाही. उत्तर हत्ती एच६ होते आणि बाकी सारे आरशातल्यासारखे चालते. पण पट खाली-वर फिरवून मांडला तर पांढरा राजा एफ१ वर येतो आणि जी२ वरचे काळे प्यादे त्याला शह देत बसते. प्यादी आडवी-उभी कशीही हलली असती तर हे चालले असते, पण ती एकाच दिशेला जातात. शब्दांत लिहिलेली स्थिती वाचताना पांढऱ्याची पहिली रांग कोणती हे लेखकाने सांगितले पाहिजे, किंवा घरांची नावे इतकी निश्चित असली पाहिजेत की ते सांगण्याची गरजच उरू नये. या संग्रहात दुसरा मार्ग धरला आहे.

हा प्रश्न छापखान्याइतका जुना नाही, त्याहून जुना आहे. नवव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबाराच्या काळात अल्-अदली यांच्यासारख्या खेळाडूंनी शतरंजाच्या निवडक स्थिती, मन्सूबा, ग्रंथात लिहिल्या. त्यांखाली "पांढऱ्याने जिंकावे" अशी सूचना असे, आणि हस्तलिखिते एकमेकांवरून उतरवली जात. तेराव्या शतकापासून युरोपात 'बोनस सोसियस' या नावाने ओळखला जाणारा लॅटिन संग्रह अनेक हातांनी उतरवला गेला. अशा संग्रहांतली कोडी पैजेसाठी वापरली जात, आणि प्रतींमध्ये मोहरे घसरलेले, गळलेले दिसतात. एका प्रतीत प्यादे एका घराने सरकते आणि कोडे सुटेनासे होते. खालचे वाक्य मात्र अबाधित राहते. आज जे अभ्यासक या प्रती जुळवून बसतात ते तीच कसोटी वापरतात जी आपण मॉर्फीवर वापरली: सूचनेला स्थिती टिकते का. मुंबईत १८१४ साली त्रेवंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरच्या निबंधांचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले, त्यातही डावाच्या अखेरीच्या स्थितींचाच भर होता. या प्रदेशात छापील कोड्यांची परंपरा तेवढी तरी जुनी आहे.

दोन चालींची मात हा प्रकार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बहरला. त्याआधी १८४५ साली इंग्लंडच्या 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल'मध्ये भारतातून 'शागिर्द' या टोपणनावाने एक चार चालींचे कोडे आले. त्यामागचा रचनाकार लव्हडे नावाचा इंग्रज पाद्री होता. त्यात एक मोहरा मुद्दाम मागे जातो, दुसरा त्याच्या वाटेवर येऊन उभा राहतो आणि मग बाजूला होऊन मात देतो. वाचकांना तेव्हा कळले की कोडे म्हणजे नुसता मारहाणीचा शेवट नसतो, त्यात एक कल्पना लपवता येते. त्यानंतरच्या काही दशकांत शाखा फुटल्या. अमेरिकेतले सॅम लॉइड यांच्यासारखे रचनाकार धक्क्यावर भर देत. पहिली चाल सोडवणाऱ्याला सुचूच नये, ही त्यांची कला. इंग्लिश शाखेला नेमकेपणाचा ध्यास होता. काळ्याच्या प्रत्येक उत्तराला पांढऱ्याची एकच मात असावी, दोन नकोत. बोहेमियन शाखा मातीच्या शेवटच्या चित्राकडे पाही. राजाभोवतीचे प्रत्येक घर एकदाच आणि नेमके बंद झालेले असावे, म्हणजे पटावर वायफळ काही नको. १९१३ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या 'गुड कंपॅनियन' मंडळाने दोन चालींच्या कोड्याला खऱ्या अर्थाने वयात आणले. मोहरे एकमेकांची वाट अडवतात, अर्धे अडकतात, अडकलेले सुटतात, अशा क्लृप्त्यांचे त्यांनी शास्त्र केले. कॉमिन्स मॅन्सफिल्ड (१८९६-१९८४) त्याच वातावरणात घडले आणि आयुष्यभर मुख्यतः याच प्रकारात रमले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचनाकारांचे लक्ष आणखी पुढे गेले. बरोबर चाल तर असावीच, पण जवळजवळ बरोबर वाटणाऱ्या फसव्या चालीही असाव्यात. प्रत्येक फसव्या चालीला काळ्याचे एकच उत्तर मोडून काढते, आणि त्या फसवणुकीत मातीचे आराखडे बदलतात. लेव्ह लोशिन्स्की यांच्यासारख्या सोव्हिएत रचनाकारांनी या दिशेला मोठी चालना दिली. आपल्या मुद्द्यासाठी याचा अर्थ असा की आधुनिक कोड्यात पटावरचे एकेक प्यादे फक्त उत्तरासाठी उभे नसते. फसव्या चालींचा एखादा बचाव उपलब्ध राहावा म्हणूनही उभे असते. मॉर्फीच्या सात मोहऱ्यांतला प्रत्येक उत्तरासाठी लागतो. आधुनिक रचनेत एखादे प्यादे काढले तर उत्तर तेच राहूनही कोड्याचा अर्धा अर्थ निघून जातो, आणि सूचनेच्या कसोटीला हे नुकसान दिसतसुद्धा नाही. माझ्या दृष्टीने हा माझ्या मताचा सर्वांत कमजोर बिंदू आहे. कसोटी स्थितीचे खरेपण पकडते, तिची पूर्णता पकडत नाही. म्हणूनच कसोटीवर विसंबून चालणार नाही. स्थिती दुसऱ्या एखाद्या रूपातही जपावी लागते.

ते दुसरे रूप फार पूर्वी शोधले गेले आहे. स्कॉटलंडमधले पत्रकार डेव्हिड फोर्सिथ यांनी १८८३ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात स्थिती अक्षरांत लिहिण्याची पद्धत मांडली. आठवी रांग आधी, मग सातवी, असे खाली यायचे. पांढऱ्यांसाठी मोठी अक्षरे, काळ्यांसाठी लहान, आणि रिकाम्या घरांचा आकडा. पुढे संगणकांसाठी स्टीव्हन एडवर्ड्स यांनी तिच्यात पाळी, किल्लेकोटाचे हक्क वगैरे जोडले. मॉर्फीचे कोडे त्या रूपात असे दिसते:

```
kbK5/pp6/1P6/8/8/8/8/R7 w - - 0 1
```

पहिल्या तुकड्यात k म्हणजे काळा राजा ए८, b म्हणजे काळा उंट बी८, K म्हणजे पांढरा राजा सी८, आणि 5 म्हणजे पाच रिकामी घरे. मागचे w पांढऱ्याची पाळी सांगते. दोन रेघा म्हणजे किल्लेकोटाचा हक्क कोणाला नाही आणि जाता जाता मारण्याजोगे प्यादे नाही. शेवटचे 0 आणि 1 हे पन्नास चालींच्या नियमासाठीची मोजणी आणि चालीचा क्रमांक. कोड्यात त्यांचे काम नसते. ही ओळ छापायला चित्रापेक्षा स्वस्त, फोनवर वाचून दाखवायला सोपी आणि कुठल्याही यंत्राला समजणारी आहे. तिचा दोष हा की एक आकडा चुकला तर त्या रांगेतले त्याच्यानंतरचे सगळे सरकते. त्याचा उपाय रचनाकारांच्या मासिकांनी कधीच केला आहे. चित्राखाली मोहऱ्यांची संख्या छापतात, मॉर्फीच्या कोड्याखाली ती "३+४" होईल. रांगेतल्या घरांची बेरीज आठ आली पाहिजे आणि मोहऱ्यांची बेरीज छापील संख्येला जुळली पाहिजे. दोन बेरजा जुळल्या तर चूक टिकून राहण्याची शक्यता बरीच कमी होते. फक्त मोहरा जागेवरून सरकलेला असेल तर तो या बेरजांना सापडत नाही, आणि तिथे पुन्हा सूचनेची कसोटीच उपयोगी पडते.

आज हे सांगण्याची निकड वाढली आहे, आणि त्याची दोन कारणे ठळक आहेत. जुनी मासिके, वर्तमानपत्रांची सदरे, वैयक्तिक वह्या मोठ्या प्रमाणावर संगणकावर येत आहेत. अक्षर ओळखणाऱ्या यंत्रांना चित्रातला पट म्हणजे नुसती काळी-पांढरी जाळी. ती वगळून खालचे वाक्य ती इमानाने जपतात. म्हणून अशा संग्रहांत चित्राविना सूचना भरपूर सापडतील. दुसरे कारण अंध खेळाडूंचे. त्यांच्या पटावर काळी घरे थोडी उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र असते, मोहरे खाली असलेल्या खुंटीने त्यात बसतात, आणि काळे मोहरे वेगळे कळावेत म्हणून त्यांच्या डोक्यावर टोक असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांच्या स्पर्धांत चाली मोठ्याने सांगाव्या लागतात, आणि तिथे ए, बी, सी ऐवजी अॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर अशी नावे वापरण्याची शिफारस आहे. कानाला बी, सी, डी, जी जवळजवळ सारखे ऐकू येतात हे त्याचे कारण. कोडे शब्दांत सांगणाऱ्याने हे लक्षात ठेवले पाहिजे. या संग्रहात बी आणि डी एकाच वाक्यात जवळजवळ येतात तिथे त्यांचे पूर्ण नावही दिले आहे.

एक आक्षेप संगणकाच्या नावाने येतो. आता यंत्र क्षणात कोडे सोडवते, मग माणसाने चित्राची इतकी काळजी का करावी? पण यंत्राला स्थिती द्यावी लागते. पोपाय नावाचा कोड्यांसाठीचा प्रसिद्ध कार्यक्रम सर्व बचाव तपासून दाखवतो, दुसरी पहिली चाल असेल तर तीही सांगतो. नुसती सूचना त्याला दिली तर तो काहीच करू शकत नाही, आणि हेच योग्य आहे. कोड्याची सूचना तेवढी देऊन उत्तर मागितले तर "स्थिती द्या" एवढेच प्रामाणिक उत्तर आहे. आत्मविश्वासाने एखादी चाल सांगणारा, माणूस असो की यंत्र, स्वतःच्या मनातली स्थिती सोडवत असतो. दुसरा आक्षेप रसिकतेचा आहे. चित्र हीच रचनेची शोभा आहे, शब्दांत ती मरते, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. मोहऱ्यांनी अक्षराचा आकार साधलेली किंवा दोन्ही बाजू सममित दिसणारी रचना डोळ्यांनीच पाहायची असते. पण शोभा नष्ट होते म्हणून आशयही हातचा जाऊ द्यावा, असे त्यातून निघत नाही. मॉर्फीची हत्ती ए६ ही चाल ऐकणाऱ्यालाही तितकाच धक्का देते.

तिसरा मार्ग सुचवणारेही आहेत. सूचना हाती आहे, चित्र नाही, तर मग आपणच एक स्थिती रचून त्याखाली ती लावू. हा अत्यंत उत्तम व्यायाम आहे आणि नवख्याने करून पाहावा. राजा कोपऱ्यात ठेवा, त्याच्या आसपासची घरे त्याच्याच मोहऱ्यांनी भरा, आणि पांढऱ्याला अशी शांत चाल शोधून द्या की काळ्याच्या प्रत्येक उत्तराने त्याचाच घात होईल. मग एकेक मोहरा काढून पाहा. जो काढला तरी काही बदलत नाही तो वायफळ आहे, तो पटावरून घालवा. दुसरी पहिली चाल निघते का ते तपासा. पण असे रचलेले कोडे नवे आहे. ते हरवलेल्या कोड्याची जागा घेत नाही, आणि जुन्या रचनाकाराच्या नावाखाली ते छापणे ही खोटी नोंद होईल. या संग्रहात जिथे मूळ चित्र मिळाले नाही तिथे कोडे दिलेलेच नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न त्यामुळे मर्यादित आहे. दोन चालींच्या मातीची कोडी निवडताना मोहऱ्यांची संख्या कमी असेल त्यांना प्राधान्य दिले आहे, कारण ती शब्दांत तपासता येतात. प्रत्येक कोड्याची स्थिती चित्रात, शब्दांत आणि फोर्सिथच्या ओळीत अशी तीन प्रकारे दिली आहे, आणि सोबत मोहऱ्यांची संख्या. तिन्ही एकमेकांशी जुळवून पाहता येतील. आधुनिक, फसव्या चालींनी भरलेल्या मोठ्या रचना इथे थोड्याच आहेत. त्यांच्यासाठी वेगळा खंड लागेल, आणि तिथे फसव्या चालींची यादीही छापावी लागेल. जुन्या स्रोतांतून घेतलेल्या कोड्यांत एखादा मोहरा घसरलेला असू शकतो याची जाणीव संपादकांना आहे. तेव्हा वाचकांनी उत्तर शोधण्याआधी प्रत्येक कोडे पटावर मांडून मोहरे मोजावेत. मोजणी जुळूनही मात एकाच चालीत होत असेल, दोन वेगळ्या पहिल्या चालींनी होत असेल किंवा मुळीच होत नसेल, तर आपली चाल आणि कोड्याचा पृष्ठ क्रमांक प्रकाशकांना लिहून कळवावा. पुढच्या आवृत्तीत ती स्थिती दुरुस्त केली जाईल.